रात्री साडेअकराचा मसुदा: आत्ता, सकाळी की राखून?

एका वार्षिक अहवालाच्या छपाईचं काम होतं. ४८ पानं, प्रूफांच्या तीन फेऱ्या झालेल्या, आणि सकाळी सहाला मशीन सुरू करतो असं मुद्रणालयाने कळवलेलं. रात्री साडेअकराला मी अंतिम पीडीएफ चाळत होते आणि ३१व्या पानावरच्या तक्त्यापाशी थबकले. प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या ४,८१२ हवी होती, तिथे ४,१८२ होतं. खालची बेरीज मात्र बरोबर संख्येची होती, म्हणजे कुणीही बेरीज करून पाहिली असती तर चूक उघडी पडली असती.

मी तिथल्या समन्वयकांना मेल लिहायला घेतला. वीस मिनिटांत चार परिच्छेद झाले. पहिल्यात तक्रार, की दुसऱ्या फेरीतल्या दुरुस्त्या काळजीपूर्वक केल्या गेल्या नाहीत. दुसऱ्यात जाब, की आम्हाला न विचारता आकडा बदललाच कसा. तिसऱ्यात ३१व्या पानाची चूक आणि छपाई थांबवण्याची विनंती. चौथ्यात पुढच्या आठवड्यात किती प्रती कुठे पोचवायच्या याची यादी. आणि सीसीमध्ये मुद्रणालयाच्या मालकांचा पत्ता.

हा मसुदा आत्ता पाठवायचा, सकाळची वेळ लावून ठेवायचा, की राखून ठेवायचा? रात्री उशिरा असा प्रश्न पडला की आपण बहुतेक वेळा मनाचा कौल घेतो. राग फार असेल तर पाठवतो, थोडा असेल तर सकाळची वेळ लावतो. पण हे तीन पर्याय म्हणजे धिटाईच्या तीन पायऱ्या नव्हेत. प्रत्येक पर्याय एका वेगळ्या अडचणीवरचा उपाय आहे. उशीर केल्याने नुकसान होणार असेल तर आत्ता पाठवणं. मजकूर पक्का आहे आणि फक्त वेळ चुकीची आहे, तर सकाळची वेळ लावणं. मजकुराबद्दलच शंका असेल तर राखून ठेवणं. सगळ्यात जास्त घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये होतो, म्हणून या लेखात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आत्ता पाठवायचं कधी

पहिला प्रश्न असा विचारावा: मी झोपेतून उठेपर्यंत असं काय घडेल, जे नंतर मागे घेता येणार नाही? उत्तर ठोस हवं, घड्याळ दाखवता येईल असं. "सहाला मशीन सुरू होईल" हे ठोस आहे. "त्यांना वाटेल मी लक्षच दिलं नाही" हे ठोस नाही; ती आपली अस्वस्थता आहे आणि सकाळी नऊ वाजता ती तितक्याच सहजपणे दूर करता येते.

उत्तर ठोस असलं तर लगेच दुसरा प्रश्न: हा मेल रात्री वाचणार कोण? मेल कुणाला झोपेतून उठवत नाही. रात्री बारा वाजता पाठवलेला मेल समोरच्याने सकाळी साडेआठला पाहिला, तर तो तातडीने पाठवला काय आणि सकाळी पाठवला काय, फरक शून्य. फरक एवढाच पडतो की आपल्याला जबाबदारी पार पाडल्याचं खोटं समाधान मिळतं. म्हणून खरोखर तातडीची गोष्ट असेल तर आधी फोन, आणि मेल त्या फोनची लेखी नोंद म्हणून.

मी मुद्रणालयात फोन केला. समन्वयक अर्थातच घरी गेले होते, पण रात्रपाळीचे सुपरवायझर भेटले. ते म्हणाले, "मॅडम, लेखी पाठवा म्हणजे मला दाखवता येईल. पहिला फॉर्म मी वेळेवर चढवतो, दुसरा राखून ठेवतो. सुधारलेलं पान आठपर्यंत द्या." अहवाल सोळा-सोळा पानांच्या तीन फॉर्मांत छापला जाणार होता आणि ३१वं पान दुसऱ्या फॉर्ममध्ये होतं. म्हणजे सगळी छपाई थांबवायची गरजच नव्हती. हे मला माझ्या मसुद्यातून कधी कळलं नसतं. तिथे मी "छपाई ताबडतोब थांबवा" असं सरसकट लिहिलं होतं.

मग चार परिच्छेदांतला तिसरा मी बाहेर काढला आणि त्याचा स्वतंत्र मेल केला. विषयाच्या ओळीत लिहिलं: "दुसरा फॉर्म थांबवा: पान ३१, तक्त्यातला आकडा चुकीचा". मजकूर इतकाच: "पान ३१, तक्ता, तिसरी ओळ. ४,१८२ आहे, ४,८१२ हवं. फोनवर बोलल्याप्रमाणे पहिला फॉर्म छापावा, दुसरा थांबवावा. सुधारलेलं पान सकाळी आठच्या आत पाठवते." त्यात कुणाचं चुकलं याचा उल्लेख नव्हता. रात्रपाळीत मशीनशेजारी उभं राहून फोनच्या पडद्यावर वाचणाऱ्या माणसाला त्या उल्लेखाचा काही उपयोग नव्हता, आणि मूळ मसुद्यात तर कामाची गोष्ट गाठण्याआधी त्यांना दोन परिच्छेद तक्रार वाचावी लागली असती.

रात्रीचा मसुदा बहुधा एकच मेल नसतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. दिवसभराचं साचलेलं एका बैठकीत उतरतं आणि तातडीचं, साधं, वादाचं असं सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं. मग गाठोड्याचा निर्णय करता येत नाही, कारण प्रत्येक वस्तूचं उत्तर वेगळं असतं. पाठवू की नको अशी ओढाताण होत असेल, तर मसुदा परिच्छेदागणिक सुटा करून बघावा. बहुतेक वेळा ओढाताण तिथेच संपते.

आत्ता पाठवण्याचं आणखी एक साधं कारण असतं. समोरची व्यक्ती दुसऱ्या टाइम झोनमध्ये असते आणि आपली रात्र ही तिची कामाची वेळ असते. तिथे मेल उशिराचा ठरत नाही. मजकुराबद्दलची शंका मात्र तशीच उरते, कारण थकलेलो आपण असतो, ती नव्हे.

पाठवल्यावर परत घेता येतं का

बरेच जण मागे घेण्याच्या सोयीवर विसंबून पाठवतात, म्हणून इथे थोडं थांबते. जीमेलमध्ये Undo Send असतं. ते पाठवलेला मेल परत आणत नाही. आपण बटण दाबल्यावर मेल काही सेकंद आपल्याकडेच रोखून धरतं. ही मुदत सेटिंगमध्ये ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येते. आपण मुद्दाम बदललं नसेल तर ती ५ सेकंद असते. चुकीची फाइल जोडली, नाव चुकलं, असल्या गोष्टी ३० सेकंदांत लक्षात येतात. "हे असं बोलायला नको होतं" हे सहसा येत नाही.

एकदा मेल समोरच्याच्या मेल सर्व्हरने स्वीकारला की तो त्यांच्या ताब्यात गेला. आउटलुकमध्ये पाठवलेला मेल परत मागवण्याची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या मेल व्यवस्थेच्या आतच चालते. बाहेरच्या पत्त्यावर गेलेल्या मेलला ती लागू होत नाही. त्यामुळे रात्री बारा वाजता हिशोब करताना "लागलं तर परत घेईन" ही शक्यता धरायचीच नाही.

सकाळची वेळ लावणं म्हणजेसुद्धा पाठवणंच

वेळ लावून मेल पाठवण्याची सोय जीमेलमध्ये २०१९ साली आली, आणि आता ती बहुतेक मेल सेवांमध्ये आहे. तिचा खरा उपयोग समोरच्या माणसासाठी आहे. लॉरा जुर्गे आणि व्हनेसा बोन्स या दोन संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामाच्या वेळेबाहेर आलेला, तातडीचा नसलेला मेल मिळाला की घेणाऱ्याला वाटतं, पाठवणाऱ्याला लगेच उत्तर हवं आहे. प्रत्यक्षात पाठवणाऱ्याची तितकी घाई नसते. ही चुकीची समजूत घेणाऱ्याचा ताण वाढवते. "उत्तराची घाई नाही" असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की ती कमी होते, असंही त्यांना दिसलं. म्हणजे आपण मनात "सकाळी बघतील सावकाश" म्हणत असतो, आणि पलीकडे कुणीतरी अंथरुणात फोन उचलून उत्तर टाइप करत असतं. वरिष्ठाने कनिष्ठाला पाठवलेल्या मेलमध्ये तर हे होऊ नये याची काळजी मी आवर्जून घ्यायला सांगेन, कारण कनिष्ठ माणूस "मला घाई वाटली" असं बोलूनही दाखवत नाही.

तर मजकूर पक्का आहे, फक्त वेळ अवेळी आहे, अशा मेलला सकाळची वेळ लावावी. माझ्या मसुद्यातली प्रतींची यादी अशीच होती. पत्ते तपासलेले, आकडे ठरलेले, कुणाला काही बोलायचं नव्हतं.

पण याच सोयीचा दुसरा वापर फार चालतो आणि तो मला धोक्याचा वाटतो. मेल जाऊ द्यावा की नाही हे ठरत नाही, म्हणून माणूस सकाळी साडेआठची वेळ लावतो आणि मनाशी म्हणतो, उठल्यावर एकदा वाचेन, वाटलं तर रद्द करेन. वरवर हा मधला मार्ग दिसतो. प्रत्यक्षात तो पाठवण्याचा निर्णय आहे, फक्त आपण झोपेत असताना अमलात येणारा. राखून ठेवलेल्या मसुद्यात आपण काहीच केलं नाही तर तो तिथेच राहतो. वेळ लावलेल्या मेलमध्ये आपण काहीच केलं नाही तर तो जातो. उठायला उशीर झाला, घरात कुणी आजारी निघालं, फोनची बॅटरी संपली, यातलं काहीही झालं तरी तो जातो. शंका असलेल्या गोष्टीत हातून काही न होण्याचा परिणाम "जाणं" असा नसावा.

दुसरी अडचण जास्त लपलेली आहे. वेळ लावलेला मेल रात्रीच्या परिस्थितीत गोठलेला असतो, आणि जग मात्र पुढे सरकतं. समोरच्याने मधल्या काळात उत्तर दिलं, माफी मागितली, तारीख बदलली, तरी यंत्रणा ते बघत नाही. ठरल्या वेळी आपला रात्रीचा मेल त्यांच्या सकाळच्या मेलखाली जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपलं वाचूनही या बाईंनी हेच लिहिलं.

गोठण्याचे छोटे नमुनेही बघण्यासारखे आहेत. रात्री ११:५० ला लिहिलेलं "उद्या" सकाळी पोचतं तेव्हा एक दिवस पुढे सरकलेलं असतं; १२:१० ला लिहिलेलं "आज" तर लिहिणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून वेळ लावायच्या मेलमध्ये वार आणि तारीख लिहावी. तसंच, जोडलेली फाइल जोडतानाच्या रूपात राहते, पण ऑनलाइन कागदपत्राची लिंक दिली असेल तर समोरच्याला उघडतानाचं रूप दिसतं. पहाटे सहकाऱ्याने त्यात खाडाखोड केली की आपण "सोबतच्या तक्त्याप्रमाणे" म्हणून पाठवलेला तक्ता वेगळाच असतो.

यंत्रणेच्या काही गोष्टीही माहीत असाव्यात. जीमेलमध्ये वेळ लावलेला मेल त्यांच्या सर्व्हरवर राहतो, म्हणून लॅपटॉप बंद असला तरी तो जातो. जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये काही प्रकारच्या खात्यांवर मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि त्या वेळी प्रोग्रॅम उघडा नसेल तर जातच नाही. जीमेलमध्ये दुरुस्ती करायची तर आधी पाठवणं रद्द करावं लागतं. तसं केलं की तो पुन्हा साधा मसुदा होतो. दुरुस्ती करून परत वेळ लावायला विसरलं तर तो मसुद्यांत पडून राहतो आणि आपण दिवसभर उत्तराची वाट बघतो. शिवाय वेळ आपण लावताना ज्या टाइम झोनमध्ये असतो त्याप्रमाणे धरली जाते, समोरच्याच्या नाही.

या सगळ्यामुळे मी वेळ निवडताना समोरच्याच्या सोयीआधी स्वतःची सकाळ बघते. मी नऊला कामाला बसते, तर साडेनऊची वेळ लावते. मधल्या अर्ध्या तासात इनबॉक्स वाचून होतो, नवं काही आलं असेल तर वेळ लावलेला मेल थांबवता येतो, आणि उत्तरादाखल कुणी फोन केलाच तर मी उचलायला जागी असते. पहाटे सहाची वेळ लावणं म्हणजे रात्रीच पाठवण्यासारखं झालं.

त्या दिवशी याचा लगेच अनुभव आला. प्रतींच्या यादीला मी साडेनऊची वेळ लावली होती. नऊला दहा मिनिटं कमी असताना समन्वयकांचा मेल आला: दुसरा फॉर्म उशिरा चढल्याने बांधणी एक दिवस पुढे जाईल. माझ्या यादीत आदल्या दिवसाची तारीख होती. मी पाठवणं रद्द केलं, तारीख बदलली आणि हातानेच पाठवलं.

राखून ठेवायचं म्हणजे काय करायचं

आता उरले पहिले दोन परिच्छेद आणि मालकांचा पत्ता. तक्रार, जाब आणि वरिष्ठांना साक्षीला बोलावणं. रात्री मला यातला शब्दन् शब्द न्याय्य वाटत होता.

थकव्याचा परिणाम मोजला गेला आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये मांडलेल्या प्रयोगात, सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली होती. तो प्रयोग हात आणि डोळे यांच्या समन्वयाचा होता, पत्र लिहिण्याचा नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. तरी सकाळी साडेसहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री साडेअकराला भरतात, एवढं ध्यानात ठेवावं.

सुराचंही तसंच आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग मांडला. त्यात माणसांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायची होती. वाचणाऱ्याला सूर कळेल का, असं विचारल्यावर मेल लिहिणाऱ्यांचा अंदाज सुमारे ७८ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात मेलवरून तो सुमारे ५६ टक्के वेळाच ओळखता आला, म्हणजे नाणं उडवून सांगण्याहून थोडासा बरा. कारण सोपं आहे. आपण लिहिलेलं वाचताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो, वाचणाऱ्याला येत नाही.

पण माझ्या मते राखून ठेवण्याचं सर्वांत भक्कम कारण थकवाही नाही आणि सूरही नाही. रात्री तपासता येत नाही, हे ते कारण. ज्यांना खरी गोष्ट माहीत असते ते झोपलेले असतात आणि जुन्या फाइली ऑफिसातल्या संगणकावर असतात. अर्ध्या माहितीवर आपण पूर्ण वाक्यं लिहितो. त्यामुळे रात्रीच्या मसुद्यात "तुम्ही असं केलंत" या घाटाचं प्रत्येक वाक्य शोधून काढावं आणि विचारावं, हे मला कशावरून माहीत आहे? "न विचारता आकडा बदललात" हे मला कशावरून माहीत होतं? आकडा चुकीचा आहे हे मी बघितलं होतं. तो कोणी बदलला हे मी बघितलं नव्हतं.

राखून ठेवायचं ठरलं की तो मसुदा चुकून जाणार नाही अशी सोय आधी करावी. उत्तर म्हणून लिहिलेल्या मेलमध्ये पत्ते आपोआप भरलेले असतात आणि झोपाळू अंगठ्याचा भरवसा नसतो. To आणि सीसीमधले पत्ते काढून टाकावेत. पत्ता नसलेला मेल जाऊच शकत नाही. मग मसुद्याच्या डोक्यावर एक ओळ लिहावी, सकाळच्या स्वतःसाठी. "विचार करणे" अशी नको, कारण त्यातून सकाळी काहीच हाती लागत नाही. मी लिहिलं: "दुसऱ्या फेरीची प्रूफं काढून पान ३१ बघणे. ११ पर्यंत ठरवणे." काय तपासायचं आणि कधीपर्यंत, दोन्ही त्यात असावं. वेळ घातली नाही की मसुदे साचतात, आणि आठवड्याने तो मेल पाठवला काय न पाठवला काय, त्याचा अर्थच गेलेला असतो.

समोरचा उत्तराची वाट बघत असेल तर राखून ठेवण्याची किंमत त्याला मोजावी लागते. तिथे दोन ओळींची पोच द्यावी, "मेल मिळाला, एक गोष्ट तपासून बुधवारी दुपारपर्यंत उत्तर देते." या पोचेला सकाळची वेळ लावायला हरकत नाही, कारण तिच्यात शंका घेण्यासारखं काही नसतं.

कधी स्वतः सकाळी वाचणं पुरतं आणि कधी दुसऱ्याला दाखवावं लागतं, याची माझी खूण अशी. फक्त शब्द कडक झालेत का एवढीच शंका असेल, तर झोप आणि सकाळचा चहा पुरतो. पण मेलमध्ये कुणावर आरोप असेल, पैशांची किंवा मुदतीची हमी असेल, चूक कबूल करून तिचे परिणाम अंगावर घ्यायचे असतील, किंवा सीसीमध्ये नवं वरिष्ठ नाव घातलं असेल, तर दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून जायला हवा. सीसीकडे मी विशेष बघते. रात्री वाढवलेलं नाव बहुतेक वेळा माहिती देण्यासाठी नसतं, दाब आणण्यासाठी असतं, आणि ज्याला मेल लिहिला आहे तो सगळ्यांत आधी तेच नाव वाचतो.

दाखवताना "कसा वाटतो?" असं विचारू नये. मित्र "ठीक आहे" म्हणतो, नाहीतर आपल्याबरोबर चिडतो. त्यापेक्षा मजकूर द्यावा आणि विचारावं, "हे तुला आलं असतं तर तू आता काय केलं असतंस?" त्याने "मालकांना फोन करून स्वतःची बाजू मांडली असती" असं म्हटलं, आणि आपल्याला हवं होतं फक्त दुरुस्त पान, तर मेल फसला आहे हे तिथेच कळतं. आधीचा सगळा पत्रव्यवहार मात्र सोबत ढकलू नये. त्यात इतरांचं खासगी बोलणं असतं आणि ते दाखवायचा अधिकार आपल्याला असतोच असं नाही. आपला मजकूर वेगळा काढून द्यावा.

सकाळी सव्वाआठला, सुधारलेलं पान पाठवून झाल्यावर, मी दुसऱ्या फेरीची प्रूफं काढली. पान ३१. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत मूळ आकडा काट मारून खोडलेला, आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: ४,१८२. अक्षर माझं होतं. एक दुसरीच दुरुस्ती करताना मी ती ओळ नव्याने लिहिली होती आणि त्यातच आकडे उलटे पडले होते. मुद्रणालयाने मी सांगितलं तेच इमानाने केलं होतं.

रात्रीचा मेल सकाळी आठची वेळ लावून ठेवला असता, तर हे मला कळेपर्यंत तो मालकांच्या इनबॉक्समध्ये असता. आत्ता पाठवला असता तर सुपरवायझरनेही वाचला असता, आणि मध्यरात्री मला फॉर्मची वाट काढून देणाऱ्या माणसाला मी त्याच मेलमधून निष्काळजी म्हटलं असतं.

राखून ठेवलेले दोन परिच्छेद मी पुसले आणि समन्वयकांना नवा मेल लिहिला. सीसीमध्ये कुणी नव्हतं. "पान ३१ची चूक आमच्या दुसऱ्या फेरीतल्या दुरुस्तीत झाली होती, मी आत्ता प्रूफ काढून पाहिलं. दुसऱ्या फॉर्मच्या नव्या प्लेटचा खर्च आमच्या बिलात धरावा. रात्रपाळीच्या सुपरवायझरनी वेळेवर मदत केली, त्यांना माझे आभार कळवावेत." एकदा मोठ्याने वाचला, तारखा बघितल्या आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पाठवला. हा मेल कुणाला दाखवला नाही. खर्चाची हमी होती म्हणून आमच्या हिशोबनीसांना मात्र आधी फोन करून विचारलं होतं.